शिंपीणबाईंच्या आवाजाचं माप

जन्मभर लोकांची मापं घेणाऱ्या शिंपीणबाई त्या दिवशी पार गोंधळल्या. गायकवृंदात नव्या म्हणून त्या आपसूक सोप्रानोत, उंच आवाजाच्या बायकांत उभ्या राहिल्या. मास्तर पियानोवर एकेक सूर चढवत गेले, तसा बाईंचा आवाज चिरकला.

"मग अल्टो असाल, खालच्या आवाजाच्या बायकांत," म्हणत मास्तर सूर उतरवत गेले. अल्टोच्याही खाली बाईंचा आवाज भरदार होत गेला.

"टेनरमध्ये उभ्या राहा."

"अहो, तिथे पुरुष आहेत!"

"उंच आवाजाचे पुरुष. तुमचा आवाज तिथेच बसतो."

खर्जातले बेसवाले खुसखुसले. टेनरमध्ये बाईंचा नवरा वीस वर्षं गात होता. "अगं, तू इथे कुठे?" तो पुटपुटला.

"मलाच कळत नाहीये!"

गाणं सुरू झालं. टेनरच्या सर्वांत खालच्या सुराला नवऱ्याने नेहमीसारखे नुसते ओठ हलवले. शेजारून तो सूर खणखणीत आला.

मास्तर चमकून नवऱ्याला म्हणाले, "वा! आज पहिल्यांदा ऐकला हा सूर तुमच्या जागेवरून!"