झापडं लावूनही झापड येईना

माण गावातल्या आमच्या भातखाचरावर मी चार खोल्या बांधल्या, त्यातल्या दोन थेट उगवतीला तोंड करून. आमच्याकडचा सूर्य साधा उगवत नाही. खिडकीतून वळूसारखा आत घुसतो. एका खोलीत नांदेडची पोरगी भाड्यानं राहायची. शेजारच्या आयटी पार्कात रात्रपाळी. सकाळी सातला ती पाठ टेकायची आणि हा वळू तिच्या उशाशी. महिन्याभरात डोळे असे सुजले, की आरशानंही ओळखपत्र मागितलं असतं.

एके दिवशी म्हणाली, “काका, काल स्कूटरवर डुलकी लागली. रविवारपर्यंत नीट झोप झाली नाही, तर नोकरी सोडून गावी जाते.”

तिनं डोळ्यांवरचा मास्क मागवला होता. तो बघून आमची मंडळी किंचाळलीच, “अगं, घाण्याच्या बैलावानी झापडं कशापायी?”

“झापड यावी म्हणून, काकू.”

पण कूस बदलली की पट्टी सरकायची, नाकाजवळच्या फटीतून उजेड आत. घट्ट केली तर पापण्या दबायच्या.

मग आले ब्लॅकआउट पडदे, दोन. बसवायचा मान माझा. मुंगीला सदरा शिवायचा झाला तर माप घ्यायला पंचक्रोशी मलाच बोलावते. टेपनं मोजून खिडकीच्या चौकटीच्या आत दांडी ठोकली, एकच पडदा मापात बसला. दुसरा घडी घालून ठेवला.

सकाळी पाहतो तर पडद्याच्या चारी कडा पेटलेल्या. “कापडच बनावट!” मी गरजलो.

मंडळींनी पडद्यामागं हात धरला. हाताची सावलीसुद्धा दिसेना. “कापडातनं कुटं येतंय? कडंनं येतंय. खेकड्यानं बांधाला बीळ पाडलं की खाचर रिकामं हुतं, ठावं हाय न्हवं? जल्म गेला बांध लिंपण्यात, अन् हितं बांधच न्हाई घातला!”

मी म्हणालो, “तुझी परीक्षा बघत होतो.”

दांडी उपटली. चौकटीच्या वीतभर वर, दोन्ही अंगाला वीतभर बाहेर, भिंतीवरच ठोकली. दोन्ही पडदे मधोमध एकावर एक, टोकं भिंतीला टेकवलेली. दार लावून आम्ही तिघं अंधारात बिळं शोधत उभे. दांडीवरून उजेडाची एक रेघ येत होती; तिथं जुनी घोंगडी टाकली. दाराच्या फटीला गोधडीची वळकटी.

शनिवारी पोरगी पाळीवरून येऊन झोपली. दुपारचे चार वाजले तरी हूं की चूं नाही.

“अवो, बरी हाय न्हवं पोर?”

दार वाजवलं. सुगरणीच्या घरट्यासारखे केस घेऊन ती डोकावली, “काका, अजून उजाडलं नाही?”

मंडळी हसत चहा टाकायला पळाली. मी विचारलं, “मग, उद्या बॅग भरायची?”

“बॅग कसली! माझ्या बहिणीलाही इथंच रात्रपाळी लागलीय. शेजारची खोली रिकामी आहे ना?”

“आहे की! तीही उगवतीचीच. थांब, टेप आणतो.”

आतून आवाज आला, “टेप ऱ्हाऊ द्या. वीत घिऊन जावा!”