कोरडा शर्ट

माणूस खोटं बोलतो, त्याचा शर्ट बोलत नाही, असं मी फुशारकीने सांगायची. वीस वर्षं कळंबोलीत घरी शिलाईचं मशीन चालवतेय. आमचे हे तिथल्याच लोखंड बाजारात, उघड्या यार्डात सळयांचे भारे क्रेनच्या साखळीला अडकवायचं काम करायचे. संध्याकाळी घरी आले की मी आधी शर्टाकडे बघायची आणि मग तोंडाकडे. पाठीवर मिठाच्या पांढऱ्या रेघा किती, त्यावरून दिवस कसा गेला ते कळायचं. ते म्हणायचे, "अगं, नवरा घरी आलाय, धुणं नव्हे." मी म्हणायची, "दोन्ही मलाच बघायचंय."

मार्च महिन्यात यार्डात नवीन नियम आला. ढगळ सदरे बंद, कारण साखळीच्या हुकात बाही अडकून एकाचा हात जाता जाता वाचला होता. सगळ्यांना निळे टी-शर्ट मिळाले, पॉलिस्टरचे, अंगाला चिकटून बसणारे. त्यावर चमकत्या पट्ट्यांचं जाकीट आणि डोक्यावर हेल्मेट. मी तो टी-शर्ट हातात घेऊन तोंडाला लावला आणि फुंकर मारली. वारा पलीकडे जाईना. "हे कापड नव्हे, पिशवी आहे," मी म्हणाले. ते म्हणाले, "गेटवर तू येऊन सांग."

आमच्याकडे उन्हाळा नुसता तापत नाही, खाडीच्या दमट हवेत तो उकडतो. घाम सुटतो पण सुकत नाही. एप्रिल अर्धा सरेपर्यंत यांची पाठ, छाती, काखा घामोळ्यांनी भरून गेल्या. रात्री अंथरुणाला पाठ टेकवत नसत. मी रोज सकाळी कामावर जायच्या आधी पाठीला खोबरेल चोळायची आणि वरून घामोळ्यांची पावडर थापायची. माझ्या आईने आम्हाला असंच केलं होतं. तेल आणि पावडर मिळून पाठीवर लेप बसायचा. मला वाटायचं, चांगला धरलाय.

शेवटी मी स्वतः यार्डात गेले. मुकादम आमच्या साताऱ्याकडचाच, ओळखीचा. त्याला म्हटलं, "भाऊजी, रंग तुमचाच ठेवते, कापड माझं. मग तर चालंल?" तो म्हणाला, "वहिनी, बाहीला बटन लागंल, आन् खालचं प्यांटीत खोचलं पायजे. लोंबलं तर मी आत घेनार न्हाय."

पनवेलच्या बाजारात दोन तास घालवले. दुकानदार एकेक ठाण उलगडत होता आणि मी प्रत्येक कापड ट्यूबलाइटसमोर धरून बघत होते. शेवटी विरळ विणीचं निळं सुती सापडलं, धाग्याधाग्यातून उजेड दिसणारं. दोनदा गरम पाण्यातून काढून त्याची खळ घालवली, कारण खळ असली की कापड घाम शोषत नाही. अंगात चार बोटं सैल ठेवला, काखेत चौबगला, म्हणजे कापडाचा चौकोनी तुकडा, घातला म्हणजे हात वर केला तरी ताणणार नाही, मनगटाला मात्र घट्ट बटन. हेल्मेटखाली घालायला पंचा फाडून एकपदरी टोपी शिवली, मागे मानेवर पडेल असा पदर सोडून. जाड घडी घातली तर हेल्मेट डोक्यावर डुगडुगतं, म्हणून एकच पदर. असे दोन शर्ट केले. एक सकाळचा, एक जेवणानंतर बदलायचा.

काय सांगू तो आनंद! पहिले दोन-तीन दिवस शर्टावर मिठाच्या रेघा आल्या, मग कमी झाल्या. आठवड्याभरात शर्ट जवळजवळ जसा गेला तसाच परत यायला लागला. कोरडा. पाठीवर ना घामाचा डाग, ना वास. मी शेजारणींना बोलावून दाखवला. यांच्याबरोबरचे चौघे माप द्यायला आले आणि मी तोऱ्यात टेप फिरवली.

टोपी मात्र पिळावी इतकी भिजलेली असायची, आणि यांच्या चेहऱ्यावरून घाम टपकत असायचा. मी त्याचा दोष हेल्मेटच्या प्लास्टिकला दिला. डोकं जड झालंय म्हणायचे, जिना चढताना धापा टाकायचे. मी लिंबाचं सरबत हातात द्यायची आणि म्हणायची, "वय झालं आता तुमचं." माझ्या नजरेत फक्त तो शर्ट होता.

मे महिन्यात एका दुपारी बरोबरचा एकजण धावत घरी आला. "वहिनी, लवकर चला, दादा पडल्यात." भरल्या उन्हात सळयांच्या ढिगापाशी ते बरळायला लागले होते, मग झटके आले. लोकांना वाटलं फिट आहे. कुणी कांदा हुंगवला, कुणी हातात चावी दिली. अंगावर पाणी ओतायचं कुणाला सुचलं तोवर बराच वेळ गेला होता. मी सरकारी दवाखान्यात पोचले तेव्हा नर्स त्यांच्या काखेत आणि जांघेत बर्फ ठेवत होत्या, पंखा अंगावर लावला होता. मी हाताला हात लावला आणि झटकन मागे घेतला, इतका तो तापला होता.

डॉक्टर बाई पोरसवदा होत्या. त्यांनी विचारलं, "गेले काही दिवस यांना घाम येत होता का?"

मला वाटलं, निदान एका गोष्टीचं तरी उत्तर मला चांगलं देता येईल. म्हणाले, "नाही हो. मी शिवलेला शर्ट घालायचे ना. अगदी कोरडा यायचा."

त्यांचा पेन थांबला. त्यांनी यांना कुशीवर वळवलं, पाठीवरून बोट फिरवलं. पाठ खरखरीत झाली होती, बारीक पुरळाने भरलेली, वर सकाळचा तेल-पावडरीचा लेप. मग त्यांनी मला समजावलं, न चिडता, आणि म्हणूनच ते जास्त लागलं. घामोळ्यांनी घामाची छिद्रं बुजतात. वरून तेल-पावडरीचा थर बसला की आणखी बुजतात. अंगाला घाम येईना, म्हणून सगळा भार चेहऱ्यावर आला. आतली उष्णता बाहेर पडायला वाटच उरली नव्हती. "शर्ट चांगलाच होता," त्या म्हणाल्या, "पण घामच नसेल तर कापड काय करणार? घाम थांबला तेव्हाच कामावरून थांबवून गारव्यात ठेवलं असतं, तर काही आठवड्यांत घाम परत आला असता."

तेव्हाच. म्हणजे मी शेजारणींना शर्ट दाखवत होते तेव्हा.

जीव वाचला. पण मेंदूला बसलेला चटका उतरला नाही. आता चालताना ते भिंत धरतात, जीभ अडखळते, घास तोंडाशी नेताना हात थरथरतो. साखळी अडकवणारा माणूस शर्टाचं बटन लावू शकत नाही. सुधारेल का विचारलं की डॉक्टर दुसरीकडे बघतात. यार्डात त्यांच्या जागी दुसरा आला, तोही तोच पॉलिस्टरचा टी-शर्ट घालून. माझे शर्ट त्या चौघांनी महिनाभर वापरले. मग नव्या सुपरवायझरने एकसारखा गणवेश हवा म्हणून ते बंद केले. मी तीनदा गेले. तिसऱ्यांदा वॉचमनने आत सोडलं नाही.

डॉक्टर बाईंनी काय सांगितलं, ते मी यांना अजून सांगितलेलं नाही. हिंमत होत नाही. तेल माझ्या हाताचं, शर्ट माझ्या हाताचा, आणि तो कोरडा बघून खूश झाले तेही मीच.

परवा दुपारी त्यांचं अंग पुसत होते. त्यांनी माझा हात धरला आणि एकेक शब्द जुळवत म्हणाले, "तू तो... शर्ट शिवलास ना... म्हणून... वाचलो मी."

मी हो म्हणाले.