कोरा कोपरा

फोन टुणटुणला की माझा टाका चुकतो. लोधिवलीतल्या आमच्या ओटीवर बसून मी बाळांच्या गोधड्या शिवते आणि सून फोनवरून त्या विकते. दिवसभर तेच तीन प्रश्न: तयार आहे का, बाळाचं नाव घालून मिळेल का, जास्त घेतल्या तर भाव कमी होईल का. लोकांना उत्तरही तेव्हाच्या तेव्हा हवं. गोधडी शिवायला लागतो तेवढा दम कोणाला नसतो.

ही गोष्ट घडली तेव्हा सून सहाव्या महिन्यात होती. मागच्या खेपेला बाळ पोटातच गेलं होतं, म्हणून या वेळी डॉक्टरांनी प्रवास बंद केला आणि तिची नोकरी सुटली. घरात ती नुसती येरझाऱ्या घालायची. जन्माआधी बाळाचं काही करून ठेवत नाहीत, हा नियम मी या खेपेला घट्ट धरला होता. परक्यांच्या बाळांच्या गोधड्यांनी ओटी भरलेली, आमच्या बाळासाठी चिंधीसुद्धा फाडलेली नाही. त्याबद्दल आम्ही दोघी बोलत नव्हतो. मी रात्री देवापुढे बोलायचे आणि ती बहुतेक भिंतीशी.

एके दिवशी ती म्हणाली, "आई, तेच तेच किती लिवायचं? उत्तरं तयारच करून ठेवू."

तिने फोनमध्ये तशी सोय केली. तिरकी रेघ मारून एक शब्द लिहिला की आख्खा मजकूर समोर येतो. हवं तर बदलायचा आणि पाठवायचा. 'तयार आहे का' यासाठी शब्द ठेवला 'साठा'. त्याचं पहिलं उत्तर मी सांगितलं, "हो, तयार आहे." त्या उत्तराने एकच निळी गोधडी दोघींना विकली गेली. मग सुनेने ते बदललं: आज तयार असलेल्यांचे फोटो पाठवते, पैसे आले की तुमची बाजूला ठेवते. सवलतीच्या उत्तरात मी आधीच भाव पाडून मोकळी झाले असते. तिने मला गप्प केलं. "किती हव्या, कुठल्या तारखेला, एकाच रंगाच्या चालतील का, हे आधी इचारायचं. भाव मग." पोरीची अक्कल चालते, पण मी तोंडावर कौतुक करत नाही.

नावाचं उत्तर असं होतं: बाळाचं नाव आणि जन्मतारीख अचूक लिहून पाठवा, त्याशिवाय काम सुरू होत नाही.

दुपारी ती आडवी झाली असताना एका बाईचा निरोप आला. नाव घालून गोधडी मिळेल का, विचारत होती. मी मोठ्या रुबाबात रेघ मारली आणि उत्तर धाडलं. तिने वाचल्याची खूण आली, उत्तर नाही. बऱ्याच वेळाने आलं: "बाळ अजून यायचंय."

जे अजून यायचंय त्याचं मी नाव मागितलं होतं, वर जन्मतारीखही. सुनेला उठवून दाखवलं.

"'बाळ झालं का' असं इचारू?" मी म्हटलं.

"नाय आई, ते कुणालाच इचारायचं नाय."

संध्याकाळपर्यंत आम्ही एका उत्तरावर घासाघीस करत बसलो. मी सांगायचे, ती पुसायची. शेवटी जमलं: 'हो, शिवून देतो. नावासाठी कोपरा कोरा ठेवतो. बारशानंतर गोधडी परत पाठवा, नाव भरून देऊ. घाई नाही.' त्या बाईला माफी मागून ते पाठवलं. तिने लगेच मागणी नोंदवली. सुनेने मजकुराला 'कोरा' असं नाव दिलं आणि न जेवता आत गेली.

त्यानंतर चार-पाच दिवस तिची बेचैनी वाढतच गेली. काही बोलायला ओटीवर यायची आणि दोरा उचलून परत जायची. मला तिचा रागही येत होता आणि काळजीही वाटत होती.

एका सकाळी धंद्याचा फोन माझ्यापाशी होता. टुणटुणला. नंबर सुनेचा. ती तर आतल्या खोलीत, दाराआड.

"नमस्कार. एक गोधडी हवी होती. कोपरा कोरा ठेवाल का?"

आधी मी चिडलेच. नियम म्हणजे काय पोरखेळ आहे? हाक मारायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. समोर येऊन हे मागायची तिला भीती वाटली होती. मला तर स्वतःहून द्यायचीही भीती वाटत होती. डोळ्यांतलं पाणी पुसून मी तिरकी रेघ मारली, 'कोरा' लिहिलं आणि एकही अक्षर न बदलता पाठवलं.

आत तिचा फोन वाजला. मग ती रडल्याचा आवाज आला.

उत्तरात शेवटी 'घाई नाही' होतं. मी मात्र तिच्या गोधडीसाठी माझी सगळ्यात मऊ साडी काढायला तशीच उठले.