दहा सेकंदांना एक चित्र

आमच्या ऑफिसात तिला सगळे आत्या म्हणतात. नात्याने ती कुणाचीच आत्या नाही, पण रागावण्याचा हक्क तिने स्वतःकडे घेतलाय. बिल्ड मशीनच्या छोट्या खोलीत ती एकोणतीस वर्षं बसते. प्रोग्रॅमर लिहितात त्या हजारो फाइली एकत्र करून त्यातून चालणारं सॉफ्टवेअर तयार करायला त्या मशीनला नऊ ते तीन, असे सहा तास लागतात. ते पाहायला कुणालाही वेळ नसतो. मलाही नव्हता, आणि सगळा घोळ मीच केला.

वार्षिक कार्यक्रमासाठी मला ऑफिसची एक छोटी फिल्म करायची होती. सहा तासांचं बिल्ड लोकांना दाखवणार कसं? मी स्क्रीन टिपायचा प्रोग्रॅम लावला, दर दहा सेकंदांना एक चित्र. एकवीसशे साठ चित्रं झाली. सेकंदाला तीस चित्रांच्या वेगाने चालवली, की बहात्तर सेकंदांत बिल्ड पूर्ण. पांढरी अक्षरं सरसर वर जातात, हिरवी पट्टी भरते. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी फुशारून गेलो.

नव्या साहेबांनी मात्र ती फिल्म वेगळ्या डोळ्यांनी पाहिली. आत्याला बोलावून म्हणाले, "हे तर आपोआप चालतंय. तुम्ही तिथे नेमकं काय करता?"

"मधेमधे पिन टाकते, साहेब."

"फिल्ममध्ये तर कुठे दिसत नाही."

आत्या "बरं" म्हणून आपल्या खोलीत परतली. वाद घालणं तिला कमीपणाचं वाटतं, आणि तिच्या या स्वभावाचा मला भयंकर राग येतो. सोमवारपासून तिला शहराच्या दुसऱ्या टोकाच्या कागदपत्र विभागात पाठवायचं ठरलं. आधी आठवडाभर चाचणी, मग कायमचं.

आत्याची थोरली बहीण अंथरुणाला खिळलेली आहे. घर ऑफिसपासून सात मिनिटांवर. साडेबारा ते दीड बिल्डला कुणाची गरज नसते, हे आत्याला पाठ आहे. तेवढ्या वेळात ती घरी जाऊन बहिणीला भरवते, कूस बदलून देते आणि परत येते. नव्या जागेहून दोन बस बदलाव्या लागणार होत्या. "ताईचं दुपारचं कसं करायचं, तेवढंच सुचत नाही," एवढंच ती मला म्हणाली.

मी फिल्म एकेक चित्र पुढे सरकवत पाहिली. दिवसातून तीनदा बिल्ड थांबतं. तयार झालेल्या भागावर कंपनीची डिजिटल सही करायची असते, तिचा सहा आकडी पिन माणसानेच टाकायचा, असा नियम आहे. साडेबारा ते दीड सोडून ती वेळ रोज बदलते. आत्या डोळ्यांत तेल घालून बसलेली असते. स्क्रीनवर पिनची खिडकी उघडली, की चार सेकंदांत पिन टाकून ती बंद करते. मी टिपत होतो दहा सेकंदांनी. दोन खिडक्या दोन चित्रांच्या मधे निसटल्या होत्या. तिसरी एका चित्रात सापडली, म्हणजे फिल्ममध्ये सेकंदाचा तिसावा भाग. ती कुणाला दिसणार? साहेबांना ते चित्र दाखवलं. "एका खिडकीसाठी एक माणूस? पिन काय, येता-जाता कुणीही टाकेल," म्हणाले.

सोमवारी आत्या गेली. मी त्याच वेगाने पुन्हा स्क्रीन टिपायला लावली आणि मुद्दाम त्या खोलीकडे फिरकलो नाही. चूक म्हणा हवं तर. तीन वाजता टेस्टिंगवाले नवीन बिल्ड मागत साहेबांकडे गेले. साहेब माझ्याकडे आले. मी फिल्म लावली.

वीस सेकंद अक्षरं धावली. मग पिनची खिडकी उघडली आणि सगळं थांबलं.

"तुमची फिल्म अडकली," साहेब म्हणाले.

"फिल्म चालू आहे. कोपऱ्यातलं घड्याळ बघा."

घड्याळ दहा एक्केचाळीसवरून पळत होतं. अकरा, बारा, एक. बाकी काहीच हललं नाही. उरलेले बावन्न सेकंद साहेबांनी उभ्यानेच पाहिले. मग फोन उचलला आणि म्हणाले, "बाई, उद्यापासून तुम्ही तुमच्याच जागेवर. चाचणी संपली."

मंगळवारी दुपारी आत्या बहिणीला भरवून परतली, तेव्हा मी तिला ती फिल्म दाखवली. मला वाटलं, खूश होईल, साहेबांची जिरली म्हणून हसेल. ती खुर्चीच्या टोकावर बसून पाहू लागली. खिडकी उघडली, घड्याळ पळायला लागलं, तसा तिचा चेहराच उतरला.

"अरे, कुणीतरी टाका ना," ती पुटपुटली, आणि रिकाम्या टेबलावर तिच्या बोटांनी पिनचे सहा आकडे दाबले.