पिवळी पडलेली वायर

यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला दोन दिवस झाले होते. डोळ्यावर पट्टी होती, म्हणून राइट टाउनमधल्या एका जुन्या घराच्या दुरुस्तीला माझे दीर एकटेच गेले. त्या घराची विजेची फिटिंग वीस वर्षांपूर्वी यांनीच केली होती. मेन लाइनची वायर हे नेहमी पांढरी टाकत, इन्व्हर्टरची पिवळी.

दुपारी भावजींचा फोन आला. "वहिनी, फोटो टाकलाय. दादाला विचारा, पांढरी कोणती? तीच कापायची आहे. मेन बंद केली, पण इन्व्हर्टर वरच्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या कुलूपबंद खोलीत आहे, तो चालूच आहे."

म्हणजे पिवळीत करंट होता. आणि न सोललेल्या वायरला टेस्टर लावून काही कळत नाही.

फोटोत दोन्ही वायर पिवळसरच. वरची जरा फिकट. मी यांना तसं सांगितलं.

"फिकट ती पांढरी," हे म्हणाले.

मी भावजींना सांगितलं, "वरची कापा." फोन ठेवला आणि पुन्हा फोटो पाहिला. वायरवर जिन्यातल्या बल्बचा उजेड पडला होता. कोपऱ्यात भावजींची बाही दिसत होती. तो पांढरा सदरा कालच मी नीळ घालून वाळवला होता. फोटोत ती बाहीही पिवळी!

मी लगेच यांना सांगितलं.

"अरे, बल्बखाली काढला का? जुनं प्लास्टिक तर तसंही पिवळं पडते. थांबव त्याला!"

फोन लावला, उचलेनात. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. परक्या घरात फोन करायची मला लाज वाटते, पण घरमालकीणबाईंचा नंबर यांच्या डायरीत होता. लावला. "भैया को बोलिए, कुछ मत काटिए!" एवढंच बोलले. तेही ओरडून.

थोड्या वेळानं भावजींचाच फोन आला. "काहून ओरडता वहिनी? पक्कड वायरला लावलीच होती."

"दोन्ही वायर खिडकीपर्यंत ओढा. बल्बपासून लांब. मागं कोरा कागद धरा," यांनी सांगितलेलं मी सांगत गेले. "आणि जोडावर चिकटपट्टी गुंडाळलेली आहे तिथली थोडी सोडवा. झाकलेल्या जागी मूळ रंग राहतो. आतल्या तांब्याला हात लावू नका."

दुसरा फोटो आला. कागद पांढरा दिसत होता. खालची वायर पट्टीखाली कागदासारखी पांढरी होती, बाहेर तेवढी तेलकट पिवळी. वरची पट्टीखालीही हळदीसारखी, उन्हानं बाहेरून फिकी झालेली.

मी वरची कापा म्हटलं होतं.

"भावजी, वरची इन्व्हर्टरची आहे," मी म्हटलं.

त्यांनी पक्कड खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "अच्छा. चलो, आता भाडेकरू येऊन कुलूप काढेपर्यंत कशालाच हात लावत नाही."

हे पलंगावरून हात पुढे करून फोन मागत होते. तो माझ्या मुठीतून लवकर सुटेना.