खांबाची जागा

सोलापुरातल्या एका हॉटेलचे हॉल मी कंपन्यांना मीटिंगसाठी विकायचो. एका कारखान्याचे साहेब डीलर मीटिंगसाठी हॉल बघायला आले आणि मधला खांब त्यांना खटकला. मी लगेच टेप लावून मोजलं. खांबामागं कुणीच बसणार नाही अशी खुर्च्यांची मांडणी, मेनू आणि ताटाचा दर घालून संध्याकाळपर्यंत प्रपोजल पाठवलं. दोन साखरपुडे परत पाठवून तारीखही धरून ठेवली. पुढं फोन केला की एकच उत्तर, "वर पाठवलंय की, कळवतो." सरळ नाही म्हणायला जीभ झडते का माणसाची?

त्याच तारखेला कामासाठी दुसऱ्या हॉटेलात गेलो, तर तिथं त्यांचीच मीटिंग भरलेली. त्या हॉलला खांब नव्हता. तरी खुर्च्यांमध्ये माझ्या खांबाएवढी जागा मोकळी सोडलेली होती.