एका शाईतला काळा

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, आणि ताई ज्याला सर म्हणत असे तो तिच्यापेक्षा तेरा वर्षांनी लहान होता. एकेचाळिसाव्या वर्षी इंटर्न म्हणून लागलेल्या बाईला अशा गोष्टी पचवाव्या लागतात. आधीची अकरा वर्षं तिने झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग केलं होतं. मग ग्राफिक डिझाइनचा संध्याकाळचा कोर्स केला आणि एक दिवस घरात जाहीर करून टाकलं, की मी आता इंटर्नशिप करणार. नवरा म्हणाला, "कर." सासूबाई म्हणाल्या, "या वयात? बरं, कर. नाहीतरी तू ऐकणार थोडीच आहेस." एवढ्यावर विषय संपला.

सहा महिने शिकायचं आणि मग ठेवायचं की नाही हे ऑफिसच्या मालकीण मॅडम ठरवणार, असा करार होता. ऑफिस म्हणजे तरी काय, एका जिन्याच्या वरच्या दोन खोल्या, चार कॉम्प्युटर, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि खिडकीत वाळत चाललेलं एक रोप. ताईचं काम सगळ्यात शेवटचं आणि सगळ्यात कंटाळवाणं होतं: दुसऱ्यांनी केलेलं डिझाइन छपाईसाठी तयार करायचं. पण कंटाळवाण्या कामातच तिचा जीव रमायचा. कापताना कागद केसभर सरकतोच, म्हणून रंग कडेच्या बाहेर तीन मिलिमीटर पळवायचा, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते. याला ब्लीड म्हणतात. पडद्यावरचे रंग उजेडाचे असतात आणि छापखान्यात चार शाया असतात, म्हणून आरजीबीचं सीएमवायके करायचं. फोटो ज्या मापाचा छापायचा त्या मापाला इंचात तीनशे ठिपके हवेत. एकदा एका मोठ्या गिऱ्हाइकाने फोनमधून पाठवलेला इवलासा लोगो तिने 'हा चालणार नाही, मूळ फाइल पाठवा' असं लिहून परत धाडला होता. सर घाबरला, पण मूळ फाइल आली. तेव्हापासून ऑफिसात तिचा थोडा दरारा झाला होता.

आणि अशी बाई चुकली.

काम होतं डोळ्यांच्या दवाखान्याचं. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर रोग्याच्या हातात द्यायचं एक कार्ड, मोठ्या अक्षरांत. वर काय करावं आणि काय करू नये, खाली थेंबांचं वेळापत्रक: कुठला थेंब, दिवसातून किती वेळा, किती दिवस. ताईने फाइल तयार केली आणि सरने ती तपासली. तपासण्याची त्याची एक पद्धत होती. कॉम्प्युटरवर चारही शाया वेगवेगळ्या दाखवणारी खिडकी उघडायची आणि काळी शाई बंद करायची. मजकूर पडद्यावरून गायब झाला पाहिजे. नाही झाला, तर त्या काळ्यात बाकीच्या शायाही घुसल्यात असं समजायचं. "बारीक अक्षर एकाच शाईत हवं, ताई," तो म्हणायचा. "चार शाया चार वेळा छापल्या जातात. जरा इकडेतिकडे झालं की अक्षराला सावली येते."

तपासणी झाली आणि सर एका मीटिंगला गेला. दुपारी दवाखान्याची मेल आली, की डॉक्टरांनी थेंबांच्या वेळा बदलल्या आहेत, नवीन तक्ता जोडला आहे. छापखान्याच्या माणसाचा तासाभरात दोनदा फोन येऊन गेला होता, छपाईच्या प्लेट करायला बसलोय म्हणून. ताईने वर्डच्या फाइलमधला तक्ता उचलला, कार्डात चिकटवला, अक्षर सारखं केलं, ओळी जुळवल्या. आकडे तीनदा वाचले, कारण औषधाच्या आकड्यात चूक झाली तर कुणाच्या तरी जिवाशी खेळ होतो. मग पीडीएफ काढली. ब्लीड बरोबर. फोटो तीनशे. आरजीबी कुठेच नाही. तिने फाइल पाठवली आणि निवांतपणे चहा प्यायली.

वर्डमधून आलेला तो काळा आरजीबीतला काळा होता. पीडीएफ काढताना कॉम्प्युटरने त्याचं मुकाट्याने चार शायांच्या काळ्यात रूपांतर केलं. म्हणूनच आरजीबी कुठेच नाही असं दिसलं. पडद्यावर दोन्ही काळे अगदी सारखे दिसतात. काळी शाई बंद करून बघायला दहा सेकंद लागली असती, पण सरने सकाळीच बघितलंय या भरवशावर ती राहिली.

तीन आठवड्यांनी सासूबाईंच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं, त्याच दवाखान्यात. दुसऱ्या डोळ्याचं पुढच्या सोमवारी ठरलं होतं. सासूबाई बाई धीट, पण डोळ्यांच्या बाबतीत भित्र्या. त्यांना तयार करण्यात ताईने चार महिने घालवले होते. पट्टी निघाली तेव्हा त्यांना भिंतीचा रंग दिसला, नातीच्या नाकावरचा तीळ दिसला आणि त्या लहान मुलीसारख्या खूश झाल्या. आठवडाभर पेपर नाही, टीव्ही नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. वाचण्यासारखं घरात त्यांच्यापाशी एकच होतं, ते कार्ड.

बुधवारी संध्याकाळी त्यांनी चष्मा लावून ते हातात घेतलं. "हे तुमच्या ऑफिसात केलंय ना गं?" असं कौतुकाने विचारलं आणि वरच्या ओळी मोठ्याने वाचून दाखवल्या. मग खाली आल्या आणि थांबल्या.

"हे असं काय दिसतंय? एकावर एक दोन अक्षरं. कडेला लाल, निळं..." त्यांनी कार्ड लांब धरलं, जवळ आणलं. "वरचं नीट दिसतं, खाली आलं की दुहेरी होतं. डोळ्याच्या खालच्या बाजूला काहीतरी बिघडलंय माझ्या."

नवरा म्हणाला, "आई, तीनच दिवस झालेत, बसेल हळूहळू." ताईने कार्ड हातात घेतलं. तिच्या दोन्ही डोळ्यांना काही झालेलं नव्हतं, आणि तिलाही तेच दिसलं. वरचा मजकूर कोरल्यासारखा स्वच्छ होता. तक्त्याच्या प्रत्येक अक्षराला एका बाजूने तांबूस आणि दुसऱ्या बाजूने निळसर कड होती. कुठे चुकलं ते तिला त्याच क्षणी समजलं.

तिने तेव्हाच बोलायला हवं होतं. एवढं एक वाक्य, "आई, डोळा ठीक आहे, छपाई बिघडलीय." पण शनिवारी मॅडम तिचा निर्णय सांगणार होत्या. नवऱ्याला कळलं की तो दवाखान्यात बोलणार, दवाखाना ऑफिसला फोन करणार, आणि सहा महिन्यांच्या मेहनतीवर पाणी पडणार. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे, असं तिने मनाला समजावलं. ती म्हणाली, "होईल हो आई, सवय व्हावी लागते," आणि कार्ड फ्रिजवर ठेवून दिलं.

गुरुवारी सासूबाई जेवल्या नाहीत. शुक्रवारी सकाळी त्यांनी सांगून टाकलं, की दुसऱ्या डोळ्याला मी हात लावू देणार नाही. "एक गेला तो गेला. दुसरा आहे तसा राहू दे." असं म्हणत त्या पदराने डोळा पुसायला गेल्या. डोळ्याला हात लावायचा नाही म्हणून ताईने त्यांचा हात धरला. तेव्हा ताईला स्वतःची मनापासून लाज वाटली.

त्याच दिवशी तपासणी होती. दवाखान्याच्या बाकावर शेजारी एक म्हातारे गृहस्थ हिरवी पट्टी लावून बसले होते. ते नर्सला सांगत होते, "खालचं दुहेरी दिसतं हो मला." नर्स वैतागून म्हणाली, "या आठवड्यातले तुम्ही सहावे." डॉक्टरांनी सासूबाईंचा डोळा यंत्रातून पाहिला, डोळा उत्तम आहे म्हणाले. सासूबाईंनी मान हलवली, पण विश्वास ठेवला नाही. त्यांचा विश्वास स्वतःच्या डोळ्यावर होता, आणि त्या डोळ्याने तर सावली पाहिली होती.

ताई तिथून थेट ऑफिसात गेली. तिने फाइल उघडली, काळी शाई बंद केली. वरचा मजकूर गायब झाला. तक्ता तपकिरी होऊन तसाच उभा राहिला. तिने सरला बोलावलं.

सरने पाहिलं आणि डोक्याला हात लावला. मग दार लोटून हळूच म्हणाला, "ताई, छापखान्याचंही रजिस्टर हललेलं आहे, चार शाया एकावर एक बसलेल्या नाहीत. त्यांच्यावर ढकलता येईल."

"मशीन थोडं हलतंच. म्हणून तर अक्षर एका शाईत ठेवायचं. तुम्हीच शिकवलंत ना, सर?"

मॅडमनी सगळं उभ्याउभ्या ऐकून घेतलं. ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी ताईसमोरच दवाखान्याला फोन लावला, वाटलेली कार्डं परत मागवा म्हणून सांगितलं, रोग्यांना कळवायला सांगितलं. मग ताईकडे वळून म्हणाल्या, "उद्याचं आपण पुढे ढकलू. आणखी तीन महिने शिका. आणि यापुढे तुमची फाइल माझ्याकडून गेल्याशिवाय बाहेर पडणार नाही." ताईने मान डोलावली. नोकरी गेली नव्हती, पण तो दरारा गेला.

दुरुस्त फाइलचं कार्ड ऑफिसच्या प्रिंटरवर काढून, तक्त्यात काळी शाई एकटीच आहे याची दोनदा खात्री करून, ती घरी आली. चप्पलसुद्धा न काढता सासूबाईंच्या हातात दिलं.

"खालचं वाचा."

सासूबाईंनी भीतभीत चष्मा लावला. "सकाळी एक थेंब. दुपारी एक थेंब. संध्याकाळी..." आवाज चढत गेला. त्यांनी पूर्ण तक्ता वाचला, पुन्हा वाचला आणि हसल्या. "अगं, स्वच्छ दिसतंय की! एकच अक्षर दिसतंय!"

"तुमचा डोळा पहिल्यापासून चांगला होता, आई. कार्ड चुकलं होतं. माझ्या हातून."

"हात्तिच्या! एवढंच ना? आणि मी मेली दोन दिवस..." त्या बोलता बोलता थांबल्या. कार्ड मांडीवर ठेवलं. "तुला कधी कळलं?"

खोटं बोलता आलं असतं. आज दुपारी कळलं, असं म्हटलं असतं तर कुणी तपासायला जाणार नव्हतं.

"बुधवारी," ताई म्हणाली. "तुम्ही दाखवलंत तेव्हाच."

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता आणि तो बंद करायलाही ताई हलली नाही.

"चूक काय, कुणाचीही होते," सासूबाई शेवटी म्हणाल्या. त्या चिडलेल्या नव्हत्या, नुसत्या थकलेल्या वाटत होत्या. "पण मी आंधळी होणार म्हणून रडत होते, आणि तू बघत होतीस."

त्यांनी चष्मा काढला, घडी घालून डबीत ठेवला.

"दुसरा डोळा करून घेईन मी. सोमवारी माझ्याबरोबर तुझा नवरा येईल. तू जा कामावर."